व्हीएमसीसाठी टर्म लोन मागताना कॅश फ्लो कसा मांडायचा

कोल्हापूर भागात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत किंवा उद्यमनगर, कुठेही मशीन शॉप चालवणारा माणूस कर्जासाठी बँकेत गेला की कागदांच्या यादीत एक ओळ असतेच: 'प्रोजेक्टेड कॅश फ्लो'. बरेच जण ती सीएकडे ढकलतात. सीए मागच्या वर्षाचे आकडे वीस टक्क्यांनी वाढवून बारा सारखे रकाने भरून देतो आणि फाइल पुढे जाते. कर्ज कदाचित मंजूरही होते. पण मशीन बसल्यावर चौथ्या-पाचव्या महिन्यात सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटचे खाते लिमिटला टेकते, पगाराला पैसे कमी पडतात आणि नेमका तेव्हाच पहिला हप्ता दारात उभा राहतो. काम भरपूर असते, नफाही असतो, पण पैसे अजून ग्राहकाकडे असतात. ही अडचण कोणत्या महिन्यात येणार आणि किती रुपयांची असणार, हे नीट केलेला कॅश फ्लो आधीच सांगतो. म्हणून तो ज्याला धंद्याची रोजची चाल माहीत आहे त्याने स्वतः बसून मांडावा, आणि सीएने तपासावा.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एका मालकाची मशीन शॉप आहे. फाउंड्रीकडून रफ कास्टिंग घ्यायचे, मशिनिंग करायचे आणि पुण्याच्या ग्राहकाला तयार भाग पाठवायचे, असे काम. वर्षाची विक्री जीएसटी सोडून १ कोटी ४४ लाख, म्हणजे महिन्याला १२ लाख. सीसी लिमिट १२ लाख, त्यातले १० लाख वापरात. आता २४ लाखांची व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारे उभे मशिनिंग सेंटर, घ्यायची आहे आणि त्यासाठी १८ लाखांचे टर्म लोन मागायचे आहे.

आधी मागचे वर्ष

पुढच्या वर्षाचे पत्रक करण्याआधी मागच्या वर्षाचे करावे लागते. बँकेने मागितले नसले तरी. कारण पुढच्या अंदाजातला सर्वांत महत्त्वाचा आकडा, म्हणजे ग्राहक प्रत्यक्षात किती दिवसांनी पैसे देतो, तो मागच्या वर्षाच्या हिशेबातूनच मिळतो.

यासाठी दोन लागोपाठच्या ताळेबंदांच्या प्रती आणि एक नफा-तोटा पत्रक पुरते. नफ्यापासून सुरुवात करायची. आपल्या उदाहरणात निव्वळ नफा १२ लाख. त्यात घसारा ३ लाख मिळवायचा, कारण घसारा खर्चात धरलेला असला तरी तो कुणाला दिलेला नसतो. बँकेचे व्याज १.२० लाखही इथे परत मिळवायचे. ते पुढे कर्जाच्या भागात वजा होईल. झाले १६.२० लाख.

आता पैसे कुठे अडकले ते पाहायचे. वर्षाच्या सुरुवातीला ग्राहकांकडून येणे २४ लाख होते, शेवटी ३३ लाख झाले. म्हणजे ९ लाख रुपये नफ्यात मोजले गेले पण हातात आले नाहीत, ते वजा. माल ६ लाखांवरून ८.५० लाखांवर गेला, २.५० लाख वजा. फाउंड्री आणि इतरांचे देणे ११ लाखांवरून १३ लाख झाले, म्हणजे २ लाख आपण अजून दिलेले नाहीत, ते मिळवायचे. धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड उरली ६.७० लाख.

त्यातून १.८० लाखांचा कॉम्प्रेसर घेतला. हा भांडवली खर्चाचा भाग. कर्ज आणि मालकाच्या भागात सीसीची उचल १.५० लाखांनी वाढली, ती आवक, व्याज १.२० लाख आणि मालकाची घरखर्चासाठीची उचल, इन्कम टॅक्ससह, ५.४० लाख, ही जावक. सगळे मिळून वर्षाचा निकाल वजा २० हजार. बँक आणि हातातली रोख सुरुवातीला ७५ हजार होती, शेवटी ५५ हजार. हा शेवटचा आकडा ताळेबंदातल्या रोख व बँक शिलकीशी रुपयाला रुपया जुळला पाहिजे. जुळला नाही तर कुठेतरी एखादी बाब दोनदा धरली आहे किंवा राहून गेली आहे. बहुतेक वेळा घोळ मालकाच्या उचलीत सापडतो. घराच्या कर्जाचा हप्ता, एलआयसी, मुलांची फी हे सगळे धंद्याच्या खात्यातून गेलेले असते आणि वर्षाअखेरीस कुठल्यातरी किरकोळ खर्चात घुसवलेले असते.

१२ लाख नफा आणि खात्यात वीस हजारांची घट, या दोन गोष्टी एकाच वर्षात कशा बसल्या ते आता दिसते. सगळ्यात मोठा वाटा त्या ९ लाखांचा. त्याचे दिवस काढून पाहू. येथे एक चूक हमखास होते. ताळेबंदातल्या येण्यात जीएसटी धरलेला असतो, पण विक्रीचा आकडा जीएसटी सोडून असतो. म्हणून ३३ लाखांना १४४ लाखांनी भागले तर ८४ दिवस येतात, आणि ते खरे नसतात. विक्रीवर १८ टक्के चढवून १६९.९२ लाख करायची आणि मग भागायचे. येतात साधारण ७१ दिवस. त्याआधीच्या वर्षी विक्री १ कोटी २६ लाख होती, येणे २४ लाख; तेव्हाचे दिवस ५९. म्हणजे विक्री वाढली तशी वसुलीही बारा दिवसांनी लांबली. कर्ज तपासणारा अधिकारी हे भागाकार स्वतः करून पाहतो. तुमच्या अंदाजात ४५ दिवसांत वसुली दाखवली असेल आणि मागचा हिशेब ७१ सांगत असेल, तर पुढच्या सगळ्या रकान्यांवरचा त्याचा विश्वास तिथेच उडतो.

कायदा ४५ दिवस सांगतो, हे बरोबर आहे. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि उशिरावर व्याजही मागता येते. पण तुमच्या खात्यात पैसे कधी येतात, ते अंदाजात लिहायचे. कधी यायला हवेत ते नाही. उलट बाजूनेही हाच कायदा लक्षात ठेवा. तुमची फाउंड्री सूक्ष्म किंवा लघु असेल तर तिचे पैसे मुदतीबाहेर थकवून कॅश फ्लो सुंदर दाखवता येतो, पण वर्षाअखेरीस थकलेल्या अशा रकमेची त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळत नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून हा नियम लागू आहे.

मशीनचे खरे पैसे किती

दरपत्रकावर २४ लाख लिहिलेले असते. खाली १८ टक्के जीएसटी, ४.३२ लाख. म्हणजे पुरवठादाराला द्यायचे २८.३२ लाख. जीएसटीची वजावट पुढे मिळणार असल्याने बऱ्याच बँका तो प्रकल्पखर्चात धरत नाहीत आणि २४ लाखांच्या ७५ टक्के, म्हणजे १८ लाख देतात. उरलेले ६ लाख मार्जिन आणि ४.३२ लाख जीएसटी, असे १०.३२ लाख मालकाने उभे करायचे. त्यावर फाउंडेशन, वायरिंग, स्टॅबिलायझर, फिक्श्चर, टूल होल्डर आणि पहिले इन्सर्ट यांचे दीड लाख धरा. एकूण ११.८२ लाख स्वतःचे. ही बेरीज न करता ६ लाखांच्या तयारीने निघालेले पुष्कळ असतात आणि मग फरक सीसीतून भरला जातो. खेळत्या भांडवलाचे पैसे मशीनमध्ये गेले की ते वर्षभर परत येत नाहीत. बँकेच्या दृष्टीने हा निधी वळवणे झाले, आणि पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी त्याचा प्रश्न निघतो.

जीएसटीचे ४.३२ लाख बुडत नाहीत, पण ते एकदम परतही मिळत नाहीत. दर महिन्याच्या विक्रीवर २.१६ लाख जीएसटी लागतो. कास्टिंग, हत्यारे आणि बाहेरचे जॉबवर्क यांच्यावर भरलेला १.३९ लाख वजा जाऊन महिन्याला ७७ हजार रोख भरावे लागतात. मशीनची वजावट या ७७ हजारांतून, महिन्यामहिन्याला फिटत जाते. मे महिन्यात मशीन आले आणि बिल झाले, तर २० जूनला भरायच्या विवरणापासून रोख जीएसटी थांबतो. नव्या विक्रीचा जीएसटीही यातच बसत असल्याने वजावट पाच विवरणांत संपते, शेवटचे २० ऑक्टोबरचे. मात्र पुरवठादाराने आपले विवरण वेळेवर भरले आणि बिल तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसले, तरच. एक महिना उशीर झाला तर ७७ हजार त्या महिन्यात खिशातून जातात. मशीन विकणाऱ्याशी हे आधी बोलून ठेवावे.

महिन्याचे रकाने

आता एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ मांडू. आकडे लाखांत.

जुने काम आहे तसे चालू धरले. नवे मशीन नसलेल्या या धंद्यात, खेळते भांडवल स्थिर असेल तर, सगळे खर्च, सीसीचे व्याज आणि मालकाची ४५ हजार उचल जाऊन महिन्याला ०.९० उरतात. दिवाळीच्या बोनसचे १.२० मात्र वेगळे काढून ऑक्टोबरमध्ये टाकले. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे पैसे ऑक्टोबर संपताना लागतील. बोनस बाराने भागून दर महिन्याच्या पगारात मिसळला की वर्षाची बेरीज बरोबर राहते, पण ऑक्टोबर खोटा ठरतो.

मालकाने ९ लाखांची एफडी मोडली. एप्रिलमध्ये मशीनला २.४० आगाऊ दिले. मेमध्ये बँकेचे १८ आले आणि पुरवठादाराला उरलेले २५.९२ गेले, फाउंडेशनला १. जूनमध्ये मशीन उभे राहिले, फिक्श्चरला ०.५० गेले. दोन पाळ्यांसाठी ऑपरेटर घेतले, त्यांचे ०.४० जूनपासूनच सुरू. मशीन चालू झाले म्हणून विक्री सुरू होत नाही. सँपल जाणार, ग्राहकाकडे मोजमाप होणार, भागाच्या मंजुरीची कागदपत्रे, म्हणजे पीपीएपी, मंजूर होणार, दर पक्का होऊन खरेदीचा आदेश, म्हणजे पीओ, येणार. म्हणून जूनची नवी विक्री शून्य, जुलैत २, ऑगस्टमध्ये ३ आणि सप्टेंबरपासून ४ धरली. ऑगस्टचा आकडा जरा हात राखून लिहिलेला बरा. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, आणि तयार माल गेटच्या आत राहिला की बिलही पुढच्या महिन्यात जाते.

दर ४ लाखांच्या विक्रीमागे कास्टिंग, हत्यारे आणि जॉबवर्कचे २.५० लागतात, जीएसटीसह २.९५. कास्टिंग आधीच्या महिन्याच्या मध्यावर येते आणि ४५ दिवसांनी पैसे द्यायचे असतात, म्हणून ज्या महिन्यात विक्री त्याच महिन्याच्या शेवटी फाउंड्रीचे पैसे. पगार आणि वीज मिळून ०.६५. वसुली मात्र नव्या भागासाठी तीन महिन्यांनी धरली: जुलैची बिले ऑक्टोबरमध्ये. जुन्या ग्राहकाची सरासरी ७१ दिवस असली तरी नव्या भागाच्या पहिल्या बिलांत दर किंवा पीओ नंबर जुळत नाही, माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, उशिरा होते, आणि ग्राहकाचे पेमेंट महिन्यातून एकदाच निघत असेल तर चार दिवसांची चूक महिनाभर पडते.

टर्म लोनचे व्याज १०.५ टक्के धरले. १८ लाखांवर महिन्याला १५,७५०. सहा महिने मुद्दलाला सवलत, पण व्याज जूनपासून भरायचेच. डिसेंबरपासून ५४ समान हप्ते, मुद्दल ३३,३३३; व्याजासह पहिला हप्ता सुमारे ४९ हजार.

याप्रमाणे मांडल्यावर हे चित्र येते. वजा आकडा म्हणजे सध्याच्या १० लाखांच्या वर सीसीतून करावी लागणारी उचल.

| महिना | महिन्याचा फरक | अखेरची स्थिती |
|---|---|---|
| एप्रिल | +७.५० | ८.०५ |
| मे | −८.०२ | ०.०३ |
| जून | +०.६१ | ०.६४ |
| जुलै | −०.६२ | ०.०२ |
| ऑगस्ट | −१.३५ | −१.३३ |
| सप्टेंबर | −२.०९ | −३.४२ |
| ऑक्टोबर | −१.०८ | −४.५० |
| नोव्हेंबर | +०.४१ | −४.०९ |
| डिसेंबर | +१.२६ | −२.८३ |
| जानेवारी | +१.२६ | −१.५७ |
| फेब्रुवारी | +१.२६ | −०.३१ |
| मार्च | +१.२६ | +०.९५ |

सप्टेंबरची ओळ जवळून बघा. जुन्या कामाचे ०.९० आले. जीएसटी भरावा न लागल्याने ०.७७ वाचले. त्यातून कास्टिंगचे २.९५, पगार-वीज ०.६५ आणि व्याज ०.१६ गेले. नव्या ग्राहकाकडून आवक शून्य. मशीन दोन्ही पाळ्यांत चालू आहे, डिस्पॅचच्या गाड्या भरून जात आहेत, नफा-तोटा पत्रकात हा उत्तम महिना आहे, आणि खात्यातून दोन लाख नऊ हजार कमी झाले आहेत. ऑक्टोबरमध्ये जुलैच्या बिलांचे २.३६ आले, पण त्याच महिन्यात बोनस आला आणि मशीनची जीएसटी वजावटही संपत आली.

सीसीत जागा दोन लाखांचीच होती. म्हणजे लिमिट सप्टेंबरमध्येच ओलांडले जाते आणि ऑक्टोबरअखेर अडीच लाख कमी पडतात. हप्ता सुरू होण्याच्या आधीच. मशीनसाठी अर्ज करताना याच अर्जात सीसी वाढवून मागायला हवी होती, हे तेव्हा कळून उपयोग नसतो. सप्टेंबरमध्ये धावत जाऊन वाढ मागितली तर बँकेला तो धोक्याचा इशारा वाटतो. एप्रिलच्या अर्जात तीच मागणी या तक्त्यासह केली तर ती तयारी दिसते.

(वाढीव सीसीचे व्याज वरच्या तक्त्यात सुटसुटीतपणासाठी सोडले आहे. साडेचार लाखांवर ते महिन्याला जेमतेम चार हजार होते. तुमच्या पत्रकात ते जरूर घाला.)

किती मागायचे

तक्ता आणखी एकदा चालवायचा, या वेळी नव्या ग्राहकाचे पैसे एक महिना उशिरा धरून. जुलैची बिले नोव्हेंबरमध्ये. बाकी काही बदलायचे नाही. सर्वांत खोल आकडा आता नोव्हेंबरमध्ये येतो, वजा ७.६३. आधीचे १० लाख मिळवले तर १७.६३. म्हणून मागणी १२ ची १८ लाख करण्याची. या आकड्याला कारण आहे, आणि ते एका कागदावर दाखवता येते. 'वीस लाख तरी द्या साहेब' यापेक्षा त्याचे वजन वेगळे पडते.

उलाढालीच्या पद्धतीने बँक लहान उद्योगाला अंदाजित वार्षिक विक्रीच्या २० टक्के खेळते भांडवल देऊ शकते. इथे जुन्या १४४ लाखांत नवी विक्री मिळवायची, ती एकदा मोजून पाहा: जुलै २, ऑगस्ट ३, सप्टेंबर ते मार्च सात महिने ४ प्रमाणे २८, एकूण ३३, विक्री १७७ लाख. सात महिन्यांच्या जागी आठ महिने धरण्याची चूक पत्रकात सहज होते आणि मग विक्रीचे तीन ठिकाणचे आकडे तीन निघतात. १७७ चे २० टक्के ३५.४० लाख, त्यामुळे १८ ची मागणी आटोक्यात बसते.

लिमिट मंजूर होणे आणि उचलता येणे यांत मात्र ड्रॉइंग पॉवर असते. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून बँक मालातून आणि येण्यातून देणी आणि मार्जिन वजा करून ती काढते, आणि साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जुनी येणी त्यात धरत नाही. ग्राहकाने तीनचे चार महिने केले तर त्याची जुनी बिले यातून गळतात. पैशांची गरज सर्वांत जास्त असते त्याच महिन्यात उचलता येणारी रक्कम कमी होते. दुसऱ्या तक्त्यात नोव्हेंबरच्या रकान्याखाली ड्रॉइंग पॉवरची एक ओळ घालून हे तपासून ठेवा.

बँक डीएससीआर बघते, म्हणजे वर्षभरात हप्ता आणि व्याज भरायला किती पट रोकड निर्माण होते ते. आपल्या उदाहरणात २०२७-२८ या पूर्ण वर्षासाठी घसारा आणि व्याजाआधीची रोकड २६.४० लाख, त्यातून सीसीचे व्याज १.५० आणि मालकाची उचल ५.४० वजा जाता १९.५० लाख. हप्ते ४ लाख, त्यावरचे व्याज १.५६ लाख. भागाकार ३.५ येतो. बहुतेक बँकांना सरासरी दीडच्या आसपास चालते, तेव्हा ३.५ म्हणजे चांगलेच. आणि तरीही हाच धंदा पहिल्या ऑक्टोबरमध्ये साडेचार लाखांनी खाली जातो. वर्षाचा भागाकार बरोबर आहे, पण तो महिने सांगत नाही. म्हणून बँकेच्या नमुन्यात फक्त वार्षिक रकाने असले, तरी पहिल्या वर्षाचा महिनावार तक्ता स्वतःहून जोडावा.

फाइल कुठे अडते

अधिकारी तुमचा तक्ता तीन कागदांशी लावून बघतो: जीएसटीआर-३बी मधली विक्री, बारा महिन्यांचे बँक स्टेटमेंट आणि ग्राहकाचा पीओ किंवा शेड्यूल. जीएसटीत १ कोटी ४४ लाख आणि खात्यात जमा फक्त १ कोटी १० लाख असेल, तर उरलेले कुठल्या खात्यात आले हे आधीच लिहून द्या. दुसऱ्या बँकेतले चालू खाते लपवले की ते निघतेच.

नवी ४ लाखांची विक्री कशावरून, याचा आधार लागतो. मशीनचे तास मोजून दाखवणे हा सरळ मार्ग. दोन पाळ्या, महिन्याचे २५ दिवस, पाळीतले प्रत्यक्ष कटिंगचे ७ तास, म्हणजे ३५० तास. एका भागाला १२ मिनिटे लागत असतील तर तासाला ५, महिन्याला १,७५० नग. भागाचा दर २४० असेल तर ४.२० लाख. यातून नापसंत माल वजा करायला विसरू नका. कास्टिंगमधला ब्लोहोल मशिनिंग झाल्यावरच उघडा पडतो. फाउंड्री कास्टिंग बदलून देते, पण त्यावर गेलेले तुमचे १२ मिनिटे, इन्सर्ट आणि वीज परत मिळत नाहीत. ग्राहकाकडे पोहोचल्यावर सापडला तर डेबिट नोट येते आणि ती पुढच्या पेमेंटमधून थेट कापली जाते. ४.२० चे ४ लाख का धरले, याचे उत्तर हेच. ते टिपणात लिहा.

एफडीचे ९ लाख विक्रीच्या आवकेत मिसळलेले आणि टर्म लोनचे १८ लाख 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवलेले तक्ते बँकेत खरोखर येतात. आवक आहे, उत्पन्न नाही. त्यांची ओळ वेगळी. घसाऱ्याची ओळ महिन्याच्या तक्त्यात नकोच. हप्त्यात मुद्दल आणि व्याज वेगळे दाखवा, नाहीतर व्याज एकदा खर्चात आणि एकदा हप्त्यात असे दोनदा जाते. तक्त्यासोबत एक पान गृहीतकांचे हवे: वसुलीचे दिवस, देण्याचे दिवस, जीएसटीचा दर, विक्री सुरू होण्याचा महिना, नापसंतीचे प्रमाण. अधिकाऱ्याला एखादा आकडा पटला नाही, तर त्याने त्या पानावरचा आकडा बदलून बघावा, तुमच्यावर संशय घेऊ नये.

आणखी एक गोष्ट मंजुरीपत्रावर सही करण्याआधी वाचा. सहा महिन्यांची सवलत कर्ज दिल्याच्या तारखेपासून मोजली आहे की मशीन चालू झाल्याच्या तारखेपासून? आपल्या तक्त्यात ती मेपासून मोजली. सँपलची मंजुरी दोन महिने लांबली तर विक्री सप्टेंबरमध्ये सुरू होईल, पहिले पैसे डिसेंबरमध्ये येतील, आणि हप्ताही डिसेंबरमध्येच सुरू होईल. असे दिसू लागले तर ऑगस्टमध्येच, खाते नियमित असताना, सुधारलेला तक्ता घेऊन शाखेत जा आणि सवलत वाढवून मागा. हप्ता एकदा थकल्यावर तीच मागणी कर्जाच्या पुनर्रचनेत मोडते आणि खात्यावर तशी नोंद होते.